मावशीच्या हाताखालून गेलेला मेल

खुर्चीवाल्याने लिहिलेल्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत तो शहरात सर्वोत्तम होता. दुसऱ्या ओळीत तो आपल्या क्षेत्रात अग्रगण्य झाला, तिसऱ्या ओळीत त्याच्या गाठीला पंचवीस वर्षांचा अनुभव जमा झाला, आणि चौथ्या ओळीपर्यंत पोचता पोचता त्याने समोरच्याला आजीवन गॅरंटीही देऊन टाकली. एवढं करूनही जीव भरला नाही म्हणून शेवटी 'एकदा सेवेची संधी द्यावी' असं लिहून त्याने पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली. मग खुर्चीत मागे रेलून तो स्वतःवर खूश झाला.

आता या सर्वोत्तम आणि अग्रगण्य माणसाचा पसारा म्हणाल तर पत्र्याची एक लांबट शेड, दोन कारागीर, शिलाईचं एक जाड मशीन आणि भिंतीला टेकवलेले खुर्च्यांचे सांगाडे. ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कुणाची खुर्ची बसल्या बसल्या हळूहळू खाली जाते, कुणाचं चाक निघतं, कुणाच्या गादीतला फोम दबून पापड होतो. अशा सगळ्या खुर्च्या या शेडमध्ये यायच्या आणि ताठ मानेने परत जायच्या. नाव कुणी घ्यायचंच नाही. सगळे त्याला खुर्चीवालाच म्हणायचे, आणि बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

हातात कसब होतं, पण हाताला काम नव्हतं. वर्षानुवर्षं दर महिन्याला खुर्च्या पाठवणाऱ्या एका कंपनीने अचानक सगळ्याच खुर्च्या भाड्याने घेतल्या आणि खुर्चीवाल्याच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली. कारागीर दुरुस्त झालेल्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघू लागले. हे बघून त्याच्या मेहुण्याचं मन द्रवलं. मेहुण्याची नव्या फर्निचरची चकाचक शोरूम होती आणि जुन्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्यांबद्दल त्याला फार सहानुभूती होती. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना तो म्हणाला, "भाऊजी, उगाच हट्ट कशाला? महिनाअखेरपर्यंत बघा. मोठं काम मिळालं तर आनंदच आहे. नाही मिळालं तर शेड सोडा आणि आमच्याकडे या. डिलिव्हरीचं बघा."

डिलिव्हरीचं बघायचं म्हणजे टेम्पोबरोबर जायचं आणि नव्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक फाडून द्यायचं. खुर्चीवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. पण सगळ्यांच्या देखत तो "चालेल" म्हणून बसला. शब्द दिल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन्ही कारागिरांना प्लॅस्टिक फाडायला कुणी बोलावलेलं नाही.

तेव्हा हा मेल म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. एका विमा कंपनीच्या मोठ्या ऑफिसात एक आख्खी खोली मोडक्या खुर्च्यांनी भरली आहे, ही खबर त्याला तिथल्या सुरक्षारक्षकाकडून लागली होती. तिथल्या प्रशासन विभागाच्या मॅडमचा मेलचा पत्ताही मिळाला होता. आता फक्त बाण सोडायचा होता.

"पाठवण्याआधी मावशींना दाखवा," बायको म्हणाली.

खुर्चीवाल्याचं तोंड कडू झालं. त्याची मावशी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकतो, तो ती वाचायची. एक शून्य जास्त पडलं तर माणूस उठायचा नाही, अशा मजकुरात तिचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावरही तिची ती नजर काही निवृत्त झाली नाही. खुर्चीवाल्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर तिने 'आपल्या येण्याने शोभा वाढेल' या वाक्यापुढे लाल शाईने 'कशावरून?' असं लिहून ती परत पाठवली होती.

पण मेल जायचा तो बिनचूक जायला हवा, हे त्यालाही पटत होतं. तो कागदावर छापून घेऊन मावशीकडे गेला.

मावशीची खोली एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पट्टी, भिंग आणि लाल पेन. तिने कागद घेतला, चष्मा पुसला आणि शेवटच्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.

"मावशी, उलटं धरलंयस का?"

"शुद्धलेखन शेवटून वाचायचं असतं. सरळ वाचलं की डोळे अर्थामागे पळतात आणि चूक मागे राहते." तिने पटापट चार-पाच ठिकाणी लाल केलं. मग पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवली. "आता अर्थ बघू. हे वाक्य 'मी' ने सुरू झालं आणि 'आम्ही' ने संपलं. मधल्या वेळात कोण आलं?"

"दोन कारागीर आहेत ना."

"मग पहिल्यापासून घे त्यांना. आणि हे पुढचं वाक्य बघ. निघालं, वळलं, तीन वेळा 'तसेच' म्हणालं आणि कुठे पोचलंच नाही. क्रियापद कुठे आहे याचं?"

खुर्चीवाल्याने कागदात डोकावून शोधलं. क्रियापद खरोखरच नव्हतं. मावशीने त्या एका वाक्याची तीन केली, तिन्हींना आपापली क्रियापदं दिली आणि तीन उद्गारचिन्हांवर अशी काही काट मारली की खालच्या टेबलावरही लाल रेघ उमटली.

इथपर्यंत ठीक होतं. आता ती दाव्यांकडे वळली.

"सर्वोत्तम. कुणी ठरवलं?"

"असं लिहितात, मावशी."

"कोण लिहितं?"

"सगळेच."

"मग सगळेच सर्वोत्तम झाले. तुझं त्यात काय?" काट. "पंचवीस वर्षांचा अनुभव. शेड कधी घेतलीस तू?"

"चौदा झाली. बाकीची अकरा थोरल्या कारागिराची. माझ्याकडे यायच्या आधीची."

"मग माझीही तीस घाल. पंचावन्न होतील." काट. वर चौदा. "आजीवन गॅरंटी. कुणाचं जीवन? तुझं, खुर्चीचं, की बसणाऱ्याचं?"

खुर्चीवाल्याने याचा कधी विचार केला नव्हता. मग तिने विचारलं, "एखाद्या खुर्चीचा तो खालचा गॅसचा दांडा परत खाली बसायला लागला, तर किती दिवस फुकट बदलून देतोस?"

"वर्षभर देतो. तक्रार न करता देतो."

"ते लिही मग. इतकी चांगली गोष्ट लपवून ठेवलीस आणि खोटी पुढे केलीस." तिची पट्टी खाली सरकली. "शेकडो समाधानी ग्राहक. समाधानी आहेत हे कसं कळलं?"

"परत आले नाहीत ना तक्रार घेऊन."

"असमाधानी माणूसही परत येत नाही. तो दुसरीकडे जातो." काट. "यापेक्षा दोन गिऱ्हाइकांचे फोन नंबर दे. मॅडम स्वतः विचारतील. आणि नंबर देण्याआधी त्या दोघांना विचार."

त्याने तिथूनच फोन लावले. पहिला होता एक दंतवैद्य, तो हो म्हणाला आणि फोन ठेवला. दुसरे होते क्लासचे सर. सरांच्या क्लासमध्ये त्याने गेल्या वर्षी बरंच काम केलं होतं. सर अंगाने भरदार आणि बोलायला त्याहून भरदार. "अहो, विचारता काय, बेलाशक द्या," सर म्हणाले. "असं बोलतो की मॅडमनी लगेच टेम्पो पाठवला पाहिजे."

मावशीने मेल नव्याने रचला. आधी समोरच्या माणसाची अडचण, मग आपण काय करतो, किती दिवसांत करतो, कशाची हमी देतो. 'त्वरित सेवा' च्या जागी 'पाच कामकाजाचे दिवस' आले, आणि 'उशीर होणार असेल तर आधी कळवतो' हे वाक्य लिहिण्याआधी तिने त्याच्याकडून खरंच कळवायचं कबूल करून घेतलं. सगळं वाचताना त्याला वाटलं, आपला धंदा लहान झाला, पण स्वच्छ दिसायला लागला. न्हाव्याकडून उठल्यावर वाटतं तसं.

तो उठायला लागला तेवढ्यात मावशी म्हणाली, "बस. खबरदारी राहिली."

"कसली खबरदारी?"

"कुणी घेऊ नये, केव्हा घेऊ नये. ते लिहिल्याशिवाय माझ्या हातून आजवर एकही कागद गेला नाही."

"मावशी, हे औषध नाही. काम मागायला चाललोय मी. काम मागणारा माणूस 'आमच्याकडे येऊ नका' असं कधी लिहितो का?"

"औषधवालेही विकायलाच बसलेले असतात. तरी लिहितात. सांग, कुठलं काम करत नाहीस?"

मावशीशी वाद घालण्यापेक्षा सांगून मोकळं होणं सोपं असतं. त्याने सांगितलं. लाकडी खुर्च्या करत नाही. जुन्या कापडाशी नव्या कापडाचा रंग तंतोतंत जुळेल असं सांगता येत नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या खुर्चीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आधीच सांगतो की टाकून द्या.

"आणि ती खालची पाच पायांची चांदणी असते ती? तिला तडा गेला तर?"

खुर्चीचा तो प्लॅस्टिकचा पाया तडकला की जोडायचा नसतो, बदलायचा असतो. सगळा भार त्याच्यावर असतो, आणि कुठलाही डिंक तो भार पेलण्याची खात्री देत नाही. हे त्याला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की गेल्या वर्षी क्लासच्या सरांनी "नवे कशाला, जोडून द्या हो" म्हणून फार गळ घातली तेव्हा त्याने सहा पाये चिकटवून, आतून लोखंडी पट्टी मारून दिले होते. पण मावशीच्या भिंगापुढे हे कसं सांगायचं? लाज वाटली.

"छे," तो म्हणाला. "तडा गेलेला पाया आम्ही कधीच जोडत नाही. नवाच घालतो."

'कशावरून' हा प्रश्न मावशीच्या तोंडी आजवर हजारदा आला असेल. या वाक्याला तो आला नाही. तिने समाधानाने मान हलवली, शेजारी बरोबरची खूण केली आणि पेनाला टोपण लावलं.

त्या रात्री मेल गेला, तो असा:

'विषय: खाली बसणाऱ्या खुर्च्या पाच दिवसांत दुरुस्त

महोदया,

आपल्या कार्यालयात मोडक्या फिरत्या खुर्च्या साठल्या आहेत असे समजले. त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त होऊ शकतील, असा आमचा अंदाज आहे. पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

आम्ही तिघे जण चौदा वर्षे हेच काम करतो. गॅसचा दांडा, चाके, फोम आणि कापड बदलतो. खुर्च्या नेल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत परत देतो. उशीर होणार असेल तर आधी कळवतो. बदललेल्या दांड्याला एक वर्षाची हमी आहे.

आम्ही काय करत नाही: लाकडी खुर्च्या. जुन्या कापडाशी रंग हुबेहूब जुळवणे. तडा गेलेला पाया जोडणे. तो आम्ही कधीच जोडत नाही, बदलतो. दुरुस्ती परवडणार नसेल तर तसे सांगतो.

आमच्या कामाबद्दल खालील दोघांना विचारू शकता. आपण सांगाल त्या दिवशी येऊन खुर्च्या पाहू. पाहण्याचे पैसे नाहीत.'

मेहुण्याला बायकोने तो मोबाइलवर दाखवला. "भाऊजी, हा मेल आहे की कबुलीजबाब?" मेहुणा हसत म्हणाला. "गाडीत चढायची प्रॅक्टिस सुरू करा."

दोन दिवसांनी मॅडमचं उत्तर आलं. 'मेल वाचला. दोघांनाही फोन केला. एक शंका आहे. गुरुवारी सकाळी या.'

खुर्चीवाला आधी हरखला, त्याने बायकोला ओरडून सांगितलं, आणि मग ती 'शंका' त्याच्या डोक्यात शिरली. दंतवैद्य दोन शब्दांच्या वर बोलणारा माणूस नव्हता. त्याने सरांना फोन लावला.

"आला होता ना मॅडमचा फोन," सर आनंदाने म्हणाले. "अहो, असा बोललो, असा बोललो. म्हटलं, नवा पाया घ्या असं सांगून गिऱ्हाइकाला कापणारे गल्लोगल्ली आहेत. पण हा माणूस देव आहे. तडा गेलेले पाये जोडून देतो. माझे सहा दिलेत. मॅडमनी दोनदा विचारलं, खरंच जोडून दिले का? म्हटलं, छातीठोक सांगतो."

खुर्चीवाल्याने सरांचे आभार मानले. सरांना शिव्या घालायची फार इच्छा झाली, पण कोणत्या तोंडाने घालणार? त्या माणसाने खरं सांगितलं होतं आणि प्रेमाने सांगितलं होतं. मावशीने एकेक खोटा दावा वेचून काढला, आणि जी एकुलती एक खोटी ओळ राहिली ती नेमकी त्याच्या नम्रतेच्या यादीत जाऊन बसली होती.

थोरल्या कारागिराने ऐकलं आणि चुटकीसरशी तोड काढली. "त्यात काय एवढं? सांगायचं, सरांचा घोळ झाला. बदललेल्याला ते जोडलेला म्हणतात. शिकवणाऱ्या माणसाला पायातलं काय कळतं?"

तोड पक्की होती. सरांना पायातलं खरंच काही कळत नव्हतं. खुर्चीवाल्याने रात्रभर ते वाक्य मनात घोळवलं आणि सकाळपर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं की त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

गुरुवारी तो निघाला तर दाराशी मावशी. इस्त्रीची साडी, हातात पर्स, पर्समध्ये लाल पेन.

"माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात शंका?" ती म्हणाली. "बघू तरी ही बाई कोण आहे."

तिला नको म्हणायची हिंमत त्याच्या घराण्यात कुणात नव्हती.

विम्याचं ऑफिस गार होतं, शांत होतं. मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांनी मेल कागदावर छापून घेतला होता आणि एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढली होती. पाणी आलं. मॅडमनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मला चार जणांनी मेल पाठवले. तिघांनी लिहिलं की तडा गेलेले पाये जोडून देतो, खर्च वाचेल. तुम्ही एकट्यांनी नाही म्हटलं. मला तेच हवं होतं. आमचा एक कर्मचारी जोडलेल्या खुर्चीवरून पडलाय, दोन महिने घरी होता. म्हणून फोन केला, तर तुमचे सर म्हणाले, सहा जोडून दिले. खरं कुठलं?"

"मेलमधलं," मावशी ताडकन म्हणाली. "तो मजकूर मी तपासलाय. त्यातला शब्द न् शब्द विचारून घेतलाय. फोनवर त्या सरांचीच गफलत झाली असेल."

म्हणजे थोरल्या कारागिराची तोड मावशीच्या तोंडून, तेही फुकट आणि पूर्ण विश्वासाने. खुर्चीवाल्याला काही करायचंच नव्हतं. नुसती मान हलवायची होती. मान हलवली की आख्खी खोलीभर खुर्च्या, शेड, दोघांचे पगार, मेहुण्याचं पडलेलं तोंड, सगळं पदरात पडत होतं. तो मान हलवणारच होता. पण मावशीकडे बघितलं आणि मान हलेना. ती कशी बसली होती ते बघवत नव्हतं. ताठ, पर्स मांडीवर घट्ट धरून, भाच्याच्या खोट्यासाठी तीस वर्षांची अब्रू पणाला लावून.

"फोनवरचं खरं आहे," तो म्हणाला. "सर बरोबर बोलले. मी जोडलेत. सहा."

मावशीने त्याच्याकडे बघितलं.

"मग हे का लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"जोडायचे नसतात हे माहीत होतं म्हणून. आणि जोडलेत हे मावशीला सांगायची लाज वाटली म्हणून."

मॅडमनी कागदाची घडी घातली. "आज मी काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या सहा खुर्च्यांचं काय करता ते मला कळवा."

लिफ्ट होती, तरी मावशी जिन्याने उतरली. खुर्चीवाला दोन पायऱ्या मागे. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. तीही बसली असती तर बरं वाटलं असतं. खाली पोचल्यावर ती थांबली.

"आयुष्यभर लोकांचा मोठेपणा तपासत बसले रे," ती म्हणाली. "कमीपणा सांगितला की तो खराच असणार असं धरून चालले. विचारलंच नाही तुला." तिचा आवाज जरा हलला. "चूक तू केलीस, पण सुटली माझ्या हातून. चल."

"कुठे?"

"त्या सरांच्या क्लासमध्ये. पाये आहेत ना शेडमध्ये?"

सरांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं. क्लास रिकामा होता, मुलं संध्याकाळी यायची. खुर्चीवाला सहा नवे पाये खांद्यावर टाकून आला हे बघून सरांना काही समजेना. "कशाला बदलता? चांगल्या आहेत की. मी काही जादा देणार नाही हां."

"मागतंय कोण," मावशी म्हणाली.

खुर्चीवाल्याने खुर्ची उलटी केली. दांड्याला धक्का न लावता पायाच्या मधल्या कडीवर हातोडीने ठोकायचं, म्हणजे पाया निसटून येतो. एक आला, दोन आले, असे पाच आले. पाचही धड होते. सर प्रत्येक पाया हातात घेऊन "बघा, बघा, हा तर लोखंडासारखा" म्हणत होते, आणि खुर्चीवाल्यालाही मनात कुठेतरी वाटायला लागलं की आपण उगाच घाबरलो. सहाव्यावर त्याने हातोडी मारली. पहिल्याच फटक्यात पाया फुटला. दोन तुकडे दोन बाजूंना गेले आणि पट्टी मधे लोंबकळत राहिली. चिकटवलेली जागा काचेसारखी चकचकीत होती. तिने काहीही धरून ठेवलेलं नव्हतं.

खुर्चीवाल्याने हातोडी खाली ठेवली.

"यावर कोण बसतं?" मावशीने विचारलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आपल्या भरदार देहाकडे बघत हळूच म्हणाले, "मी."

सर जाऊन भिंतीपाशी उभे राहिले. बसायची त्यांना इच्छा दिसली नाही. खुर्चीवाल्याने सहावा पाया बसवला, खुर्ची सरळ केली, आणि स्वतः तिच्यावर बसून सगळीकडे कलून बघितलं. त्याच्यानंतर मावशी बसली. एकीवर नाही, सहाही खुर्च्यांवर बसली आणि प्रत्येकीवर एकदा गोल फिरली.

इतकं सगळं डोळ्यांदेखत होऊनही सर ते सरच. हे दोघं निघताना त्यांनी आतल्या खोलीतून आणखी एक खुर्ची ओढत आणली. तिच्या पायाला केसाएवढा तडा होता. "ही तेवढी जोडून द्या की," ते म्हणाले. "मी नाही बसणार. पालकांसाठी आहे."

"नाही," खुर्चीवाला म्हणाला.

"नव्या पायाला खर्च येतो हो. आपला इतका जुना संबंध."

"नाही सर. नवा घालून देतो, नाहीतर ही फोडून टाकतो. जोडत नाही."

सर चांगलेच दुखावले. निरोप द्यायलाही दारापर्यंत आले नाहीत.

संध्याकाळी खुर्चीवाल्याने दुसरा मेल लिहिला. यात सर्वोत्तम नव्हतं, संधी द्यावी नव्हतं. पहिल्या मेलमधलं एक वाक्य खोटं होतं, सहा पाये जोडले होते, ते आज बदलले, त्यातला एक काढताना फुटला, यापुढे जोडणार नाही. मावशी शेजारी बसली होती. तिने पेन काढलंच नाही. प्रत्येक ओळीला फक्त "खरं?" एवढंच विचारलं, आणि त्याने प्रत्येक वेळी "खरं" म्हटल्यावर पुढे गेली. शेवटच्या ओळीपाशी तिने तो प्रश्न दोनदा विचारला.

मेल गेला. उत्तर आलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला. मेहुणा एकदा येऊन सहज म्हणून टेम्पोचं वेळापत्रक सांगून गेला. थोरला कारागीर काही विचारत नव्हता, आणि ते न विचारणंच खुर्चीवाल्याला खायला उठत होतं. खरं बोललं की बरं होतं असं लोक म्हणतात, त्या लोकांच्या शेडचं भाडं कोण भरतं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मॅडमचा मेल आला. मावशी शेडमध्ये पंख्याखाली बसून कारागिरांच्या बिलांवरच्या चुका काढत होती. खुर्चीवाल्याने मेल उघडला, वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं.

"वाच ना मोठ्याने," मावशी म्हणाली.

त्याने वाचलं. 'तुमच्या सरांना पुन्हा फोन केला. त्यांनी तुमची अर्धा तास तक्रार केली. म्हणाले, पूर्वी फार चांगला माणूस होता, आता कितीही सांगा, तडा गेलेला पाया जोडून देत नाही, कुणाचं ऐकत नाही. पहिल्या चाळीस खुर्च्या सोमवारी पाठवत आहे.'

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तक्रार खरी आहे?" तिने विचारलं.

"खरी आहे," खुर्चीवाला म्हणाला.

"मग मेहुण्याला फोन लाव," ती म्हणाली आणि खाली मान घालून पुढचं बिल वाचायला लागली. शेवटच्या शब्दापासून.